रिले सुटताना ट्रान्झिस्टर का जातो?

कृषिपंपाच्या स्टार्टरची आणि ऑटोची दुरुस्ती नव्याने शिकणाऱ्याच्या टेबलावर एक तक्रार हमखास येते. वावरात लाइट आली की मोटर आपोआप चालू होते, पण बंद करायला गेलं तर ऑटोचा रिले सुटतच नाही. झाकण उघडून मीटर लावला की रिले ओढणारा बीसी ५४७ ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला दिसतो. दोन-तीन रुपयांचा नवा टाकला की काम भागतं आणि थोड्या दिवसांनी तोच बोर्ड परत येतो. अशा वेळी ट्रान्झिस्टर हलका निघाला म्हणून दुकानदाराला बोल लावायची पद्धत आहे. बहुतेकदा त्याच्यात काही खोट नसते, कॉइलवर आडवा लावलेला डायोड गेलेला असतो. तो डायोड तिथे कशासाठी आहे हे नीट कळलं, तर आयटीआयच्या पुस्तकातला इंडक्टरचा अर्धा धडा तिथेच उलगडतो.

उदाहरण म्हणून १२ व्होल्टचा तो नेहमीचा निळा चौकोनी रिले घेऊ. त्याच्या कॉइलचा रेझिस्टन्स ४०० ओहमच्या आसपास असतो, म्हणजे पूर्ण ओढल्यावर ३० मिलिअँप करंट. इंडक्टन्स रिलेवर छापलेला नसतो आणि आर्मेचर चिकटल्यावर तो बदलतोही, म्हणून हिशोबापुरता अर्धा हेन्री धरू. लागणारी सूत्रं दोनच आहेत:

V = L × di/dt
E = ½ × L × I²

ट्रान्झिस्टर चालू झाला त्या क्षणी कॉइलच्या दोन टोकांत एकदम १२ व्होल्ट येतात. व्होल्टेजने शून्यावरून बारावर उडी मारली, त्याला काही वेळ लागला नाही. करंट मात्र त्या क्षणी शून्यच असतो. १२ भागिले ०.५ म्हणजे सेकंदाला २४ अँप या वेगाने तो चढायला लागतो, मिलिसेकंदाच्या भाषेत सुरुवातीला दर मिलिसेकंदाला २४ मिलिअँप. जसजसा तो वाढतो तसतसे कॉइलच्या रेझिस्टन्सवर जास्त व्होल्ट पडतात आणि चढण्याचा वेग मंदावतो. L/R, म्हणजे सव्वा मिलिसेकंद झाला की तो १९ मिलिअँपपर्यंत पोचलेला असतो. पाच-सहा मिलिसेकंदांत ३० वर स्थिरावतो.

आता ऊर्जेचं बघा. ३० मिलिअँपला कॉइलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात २२५ मायक्रोजूल साठलेले असतात. ही ऊर्जा करंटच्या वर्गावर ठरते. करंट क्षणात शून्य व्हायचा असेल तर ही ऊर्जाही क्षणात कुठेतरी जायला हवी, आणि शून्य वेळात ऊर्जा हलवायची म्हणजे अमर्याद वॅट लागतील. ते कुठल्याच सर्किटमध्ये नसतात, म्हणून कॉइलचा करंट उडी मारत नाही. व्होल्टेजचं तसं नाही. इंडक्टरच्या ऊर्जेच्या सूत्रात V कुठेच नाही. १२ वरून उणे ३०० झाला तरी त्या क्षणी साठ्यात काहीच फरक पडत नाही, म्हणून त्याला उडी मारायला कुणी अडवत नाही.

हाताला समजावं म्हणून कडबा कुट्टीचं जड चाक आठवा. ते एका क्षणात थांबत नाही, पण फिरत्या चाकात लाकूड घातलं तर त्या लाकडावर जोर मात्र क्षणात येतो, आणि लाकूड जितकं घट्ट तितका जोर मोठा. चाकाचा वेग म्हणजे करंट, लाकडावरचा जोर म्हणजे व्होल्टेज. उपमा इथपर्यंतच ताणा.

नवी मुलं अडखळतात ती पुढच्या टप्प्यावर. ट्रान्झिस्टर बंद केला की त्याच्यातून जाणारा करंट खरोखरच एकदम शून्याकडे जातो. मग करंट बदलत नाही असं कसं म्हणायचं? उत्तर असं, की तो स्विचचा करंट, कॉइलचा नव्हे. कॉइलमधून अजूनही ३० मिलिअँप त्याच दिशेने वाहतोय आणि आता त्याला दुसरी वाट हवी आहे. वाट मिळेपर्यंत कॉइल आपल्या टोकांतलं व्होल्टेज वाढवत नेते. ध्यानात ठेवायचं ते हे की करंट उलटा होत नाही, व्होल्टेज उलटं होतं. तोंडी परीक्षेत नेमका हाच प्रश्न येतो आणि बरीच मुलं उलटं सांगून येतात.

हे डोळ्यांनी बघायला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, हाच रिले, एक पुश बटण आणि काचेतून दोन तारा दिसतील असा निऑनचा छोटा दिवा पुरे. बॅटरीचं प्लस कॉइलच्या एका टोकाला, कॉइलचं दुसरं टोक बटणातून मायनसला. निऑनच्या एका पायात १० किलोओहमचा रेझिस्टर जोडून ही जोडी कॉइलच्या दोन टोकांवर आडवी लावा. लाइन टेस्टरमधला निऑन काढून वापरला तरी चालतो. ही १० किलोओहमची जोडी नंतर २३० व्होल्टवर मात्र लावू नका, दिवा जाईल. आणि प्रयोग चालू असताना उघड्या टोकांना हात नको. इतक्या ऊर्जेने जीव जात नाही, पण झटका बसतो. स्टार्टरची मोठी कॉइल घेऊन हा खेळ करू नका.

बटण दाबा. रिले टक् करतो, निऑन गपच. निऑन पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात आणि तिथे फक्त १२ आहेत. आता अंधारात धरून बटण सोडा. निऑन एकदाच चमकतो. नीट पाहिलं तर दोन तारांपैकी एकाच तारेभोवती नारिंगी उजेड दिसतो. डीसीवर निऑनमध्ये निगेटिव्ह तारेभोवतीच उजेड पडतो. इथे उजळते ती बॅटरीच्या प्लसला जोडलेली तार, म्हणजे कॉइलचं ते टोक आता दुसऱ्या टोकाच्या मानाने निगेटिव्ह झालंय. व्होल्टेज उलटल्याचा याहून स्वस्त पुरावा नाही.

ते किती चढलं याचाही अंदाज काढता येतो. सोडल्या क्षणी कॉइलचे ३० मिलिअँप १० किलोओहममधून ढकलायचे म्हणजे ३०० व्होल्ट, वर निऑनचे साठेक. म्हणजे ३५० च्या वर. रेझिस्टर १ किलोओहमचा असता तर ३० अधिक ६०, नव्वदच्या आसपासच थांबलं असतं. व्होल्टेज किती होणार हे नुसत्या कॉइलवर नाही, करंटला मिळालेल्या वाटेवर ठरतं. प्रत्यक्षात बटणाच्या फटीत ठिणगी पडली तर थोडा करंट तिथूनही जातो आणि आकडा खाली येतो. बटणाची पत्ती हळूहळू काळी पडते ती त्या ठिणगीनेच.

ऑटोच्या बोर्डात निऑन नसतो. डायोड गेला असेल तर ३० मिलिअँपला एकच वाट उरते, बंद झालेला ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ ची कलेक्टर-एमिटरची मर्यादा ४५ व्होल्ट. प्रत्यक्ष फुटण्याचा आकडा त्याहून वर असतो, समजा ८०. कलेक्टर ८० वर पोचला की ट्रान्झिस्टर जबरदस्तीने करंट सोडायला लागतो आणि त्याच्यावर ८० गुणिले ०.०३, म्हणजे २.४ वॅट पडतात. त्याची झेप जेमतेम अर्ध्या वॅटची. हे फार तर पाव मिलिसेकंद चालतं, म्हणून तो पहिल्याच खेपेला मरत नाही. दर वेळी रिले सुटताना एक घाव बसतो, आणि जिथे लाइट दिवसातून अनेकदा जाते-येते त्या फीडरवर हे घाव लवकर साचतात. बोर्ड परत येण्याचं हेच कारण.

कॉइलवर आडवा ४००७ डायोड लावला की वाट मिळते. पट्टीचं टोक १२ व्होल्टच्या बाजूला, दुसरं कलेक्टरला. रिले ओढलेला असताना डायोड उलटा म्हणून गप्प असतो. ट्रान्झिस्टर सुटला की कलेक्टर १२ च्या वर जेमतेम ०.७ चढतो, डायोड उघडतो आणि करंट कॉइल-डायोडच्या घेऱ्यातच फिरत विरतो. २२५ मायक्रोजूलपैकी बहुतेक कॉइलच्याच तांब्यात उष्णता होऊन संपतात. डायोड उलटा जोडला तर रिले ओढायच्या वेळी १२ व्होल्ट सरळ डायोडमधून ट्रान्झिस्टरवर शॉर्ट होतात, रिले ओढत नाही आणि ट्रान्झिस्टर तिथल्या तिथे जातो. डायोड कॉइलच्या पायांना लागून बसवा. लांब वायरने दुसऱ्या कोपऱ्यात बसवला तर प्रत्येक वेळी तो सगळा वायरचा घेरा बोर्डात गोंगाट सोडतो आणि शेजारचा कंट्रोलर अधूनमधून रिसेट होतो.

तपासताना एक जागा फसवी आहे. मल्टिमीटर डायोड रेंजला लावून बोर्डावरच डायोड मोजला तर दोन्ही बाजूंनी ०.४ च्या आसपास दिसतं. हा डायोड नव्हे. मीटर साधारण १ मिलिअँप सोडतो, तो ४०० ओहमच्या कॉइलमधून जातो आणि ०.४ व्होल्ट दाखवतो. डायोड उघडायला याहून जास्त लागतात, म्हणून चांगला डायोड आणि आतून तुटलेला डायोड दोन्ही सारखेच वाचतात. डायोडचा एक पाय सोल्डरमधून उचला आणि मग मोजा: एका बाजूने ०.५ ते ०.७, दुसऱ्या बाजूने काही नाही, तर डायोड ठीक. तरीही ट्रान्झिस्टर जात असेल तर पायाशी सोल्डर तडकलेलं आहे का ते भिंगाने बघा.

डायोडची किंमतही आहे. व्होल्टेज ०.७ वरच धरल्यामुळे करंट सावकाश उतरतो. आपल्या आकड्यांनी ३० वरून ३ मिलिअँपवर यायला सुमारे २.४ मिलिसेकंद. डायोडच्या उलट दिशेने त्याच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर टाकला तर हेच काम अर्ध्या मिलिसेकंदात होतं, कारण मोठं उलटं व्होल्टेज करंट लवकर उतरवतं. बदल्यात कलेक्टर ३६ च्या वर, ३७ च्या जवळ जातो. ४५ च्या आत आहे, पण बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्ट देत असेल तर ती फटही आकसते. पंपाच्या ऑटोला दोन मिलिसेकंदांनी काही फरक पडत नाही, साधा डायोड पुरे.

हे सगळं डीसी कॉइलचं. स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरची कॉइल एसीवर चालते, २३० किंवा ४१५ व्होल्टवर. तिच्यावर डायोड लावलात तर दर अर्ध्या सायकलला तो थेट शॉर्ट होईल आणि फ्यूज किंवा डायोड उडेल. तिथे रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर किंवा व्हॅरिस्टर लागतो, आणि तो त्या कॉइलच्या व्होल्टेजसाठीचाच हवा. ४१५ च्या कॉइलवर २३० साठीचा तुकडा चालणार नाही. ऑटोच्या निळ्या रिलेचे कॉन्टॅक्ट वारंवार चिकटत असतील तर ट्रान्झिस्टरकडे न बघता आधी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर असा स्नबर आहे का ते बघा. तीच ऊर्जा तिथे रिलेच्या पत्तीवर ठिणगी होऊन उतरत असते.