समेट झाला, पण पैसे आणि किल्ली अडकली: माझा अनुभव

म्हापशातल्या घराच्या दाव्यात मध्यस्थीने समेट झाला. कागदावर होतं: ‘दादा 6 लाख लवकर देईल, धाकटा खोली सोडेल.’ धाकटा म्हणजे मी. चार महिने आम्ही एकमेकांची वाट पाहत राहिलो. फोन, वकिलाची नोटीस, सगळं व्यर्थ. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी मसुदा नव्याने लिहिला, आधी क्रम ठरवून. 10 जूनपर्यंत दादा 3 लाख माझ्या खात्यात भरणार. ते जमा झाल्यावरच माझी मुदत सुरू: 15 दिवसांत खोली रिकामी, किल्ली हातात देऊन लेखी पोच. उरलेले 3 लाख त्याच दिवशी. दादा चुकल्यास सात दिवसांनंतर थकबाकीवर 9 टक्के व्याज. मी चुकल्यास दररोज 500 रुपये वजा.

दोघांच्या सह्या करून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 खाली कोर्टात दाखल केला, हुकूमनामा घेतला. 22 जूनला किल्ली दिली.