बाळाने पहिली शी केली नाही आणि पोट फुगले, तर निदानापर्यंत कसे पोहोचावे

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला पहिली काळी, चिकट शी, म्हणजे मेकोनियम, बहुधा २४ तासांच्या आत होते आणि ४८ तास उलटूनही ती झाली नाही असे फार क्वचित घडते. म्हणून जन्माची, पहिल्या लघवीची आणि पहिल्या शीची वेळ कागदावर लिहून ठेवावी. बाळंतीण दोन दिवसांत घरी येणार असेल, तर डिस्चार्जपूर्वी शीची नोंद झाली आहे का, हे परिचारिकेला आवर्जून विचारावे.

उदाहरणादाखल ऐरोलीतील एक बाळ धरू. ते सोमवारी पहाटे जन्मले, दूध ओढू लागले, लघवीही झाली. परंतु मंगळवारी पहाटेपर्यंत शी झाली नाही, दुपारी पोट टणक झाले आणि संध्याकाळी हिरवी उलटी झाली. येथे घड्याळाकडे पाहण्याची वेळ संपते. नवजात बाळाची हिरवी उलटी म्हणजे आतडे कोठेतरी अडले असल्याची शक्यता, आणि त्यात आतड्याला पीळ पडण्यासारखी तातडीची कारणेही असतात. त्यामुळे शी होण्याची वाट न पाहता बाळाला त्याच वेळी बाल शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्यावे. ठाणे आणि नवी मुंबईतील लहान प्रसूतिगृहांत असे तज्ज्ञ नसतील, तर परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या ठिकाणी पाठवण्याची चिठ्ठी मागावी. निघण्यापूर्वी दूध थांबवावे का आणि सलाइन सुरू करावे का, हे डॉक्टरांनाच विचारावे.

या घटकेला घरातील अनुभवी माणसे विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून गुदद्वारात घालण्याचे सुचवतात. त्यामागे मायाच असते, तरीही ते करू नये. इजेचा धोका आहेच, शिवाय देठाने किंवा डॉक्टरांच्या बोटानेही कधी कधी वायू आणि शी जोराने बाहेर पडते, पोट बसते आणि सगळे निर्धास्त होतात. आजार मात्र तसाच राहतो आणि एक-दोन दिवसांत पोट पुन्हा फुगते. असे कोणी आधीच केले असेल, तर ते न लपवता डॉक्टरांना सांगावे, कारण पुढच्या तपासणीचा अर्थ त्यावर अवलंबून असतो.

शंका असते ती हिर्शस्प्रुंग या आजाराची. आतड्याच्या भिंतीत गँग्लियन नावाच्या चेतापेशी असतात. गर्भात त्या वरून खाली, गुदद्वाराच्या दिशेने सरकत साधारण १२व्या आठवड्यापर्यंत शेवटच्या टोकाला पोहोचतात. त्या वाटेत थांबल्या, तर त्यापुढचा भाग सैल होऊ शकत नाही आणि वरची शी अडते. गंमत अशी, की फुगलेला दिसणारा भाग निरोगी असतो आणि साधा दिसणारा अरुंद भाग आजारी. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो आणि मुलांमध्ये तो मुलींपेक्षा अधिक आढळतो.

रुग्णालयात प्रथम गुदद्वार जागेवर आहे का ते पाहतात आणि पोटाचा एक्स-रे काढतात. त्यानंतर एक्स-रेमध्ये उठून दिसणारे औषध गुदद्वारातून सोडून पुन्हा एक्स-रे घेतात. अरुंद आणि फुगलेल्या भागांमधला बदल त्यात दिसला, तर शंका बळावते. परंतु पहिल्या काही दिवसांत वरचा भाग पुरेसा फुगलेला नसतो, त्यामुळे फोटो ‘नॉर्मल’ आला तरी आजार नाही असे ठरत नाही. या फोटोआधी एनिमा दिल्यास हा फरक पुसला जाऊ शकतो. देठाची गोष्ट सांगायची ती याचसाठी. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढून औषध आत अडकून राहिले आहे का, हेही पाहतात.

निर्णय होतो तो बायोप्सीने. गुदद्वाराच्या आत, वेदना जाणवणाऱ्या रेषेच्या दोन-तीन सेंटिमीटर वर एक छोटी नळी लावून आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे ओढून घेतात. नवजात बाळात यासाठी बहुधा भूल लागत नाही. तुकडा फार वरवरचा किंवा फार खालून घेतला गेला, तर त्यावरून उत्तर देता येत नाही. म्हणून अहवाल वाचताना ‘गँग्लियन पेशी आढळल्या नाहीत’ आणि ‘नमुना अपुरा आहे’ ही दोन वाक्ये वेगळी समजावीत. पहिले वाक्य, जाड झालेल्या चेतांची नोंद आणि कॅलरेटिनिन या रंगचाचणीचा नकारात्मक निकाल एकत्र आले, तर निदान पक्के होते. दुसऱ्या वाक्यानंतर बायोप्सी पुन्हा करावी लागते. आपल्या उदाहरणातील बाळाचा पहिला नमुना अपुरा निघाला आणि दुसऱ्या नमुन्यात निदान ठरले, तर त्यात कोणाची चूक शोधू नये.

अहवाल येईपर्यंत आणि शस्त्रक्रियेपर्यंत डॉक्टर कोमट सलाइनने आतडे धुतात. घरी धुण्यास शिकवले असेल, तर साधे पाणी कधीही वापरू नये. या काळात ताप, पुन्हा फुगलेले पोट आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी यांना साधे जुलाब समजू नये. ती आतड्याच्या जीवघेण्या दाहाची लक्षणे असू शकतात, त्यामुळे रात्र असली तरी त्याच घटकेला रुग्णालयात परतावे.