शेतकरी दिनी, सोयाबीनच्या पोत्यापाशी

आदरणीय प्राचार्य, गुरुजनहो आणि कृषी शाखेच्या पहिल्या वर्षात आलेल्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुम्हा सर्वांचे मनापासून स्वागत. आज 23 डिसेंबर, चौधरी चरणसिंग यांची जयंती. या दिवसांत निपाणी-चिकोडीकडच्या अनेक घरांत पुढच्या खरिपासाठी राखलेले सोयाबीनचे पोते भिंतीला टेकून उभे असते, म्हणून मी त्या पोत्याविषयीच बोलणार आहे.

शिक्षण संपवून घरी आल्यावर पहिल्याच मृगात मी घरचे बियाणे एकरी 30 किलो या नेहमीच्या हिशेबाने कुरीने पेरले. पाऊस चांगला होता, वाफसाही होता, तरी आठव्या दिवशी ओळींत हात-हात मोकळी जागा दिसू लागली. माती उकरली तेव्हा दाणे फुगून दुभंगलेले आणि कुजलेले सापडले. वडील काही बोलले नाहीत, पण दुबार पेरणीसाठी त्यांनी बाजारातून उधारीवर आणलेले बियाणे मला अजून आठवते.

दोष पावसाचा नव्हता. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो. त्यामुळे मळणी यंत्र वेगाने फिरले किंवा पोते उंचावरून आपटले, तर बाहेरून टपोरा दिसणारा दाणाही आतून निकामी होतो. आम्ही धान्याची आणि बियाण्याची मळणी एकाच वेगाने केली होती. बियाण्यासाठी यंत्राचे फेरे मिनिटाला चारशेच्या आत ठेवावेत, दाणे 12 टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्यापर्यंत सुकवावेत आणि पोती फळ्यांवर, जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवावीत.

तरीही खात्री करायची ती मोजूनच. मे महिन्यात पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे घ्या, एकत्र मिसळा आणि न निवडता शंभर दाणे मोजा. चांगले दाणे निवडण्याचा मोह इथेच होतो आणि इथेच चाचणी फसते. ओल्या बारदानावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वरून दुसरे ओले बारदान घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी उघडून मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असलेलीच रोपे मोजा. नुसता फुगलेला दाणा उगवलेला धरू नका.

सत्तर उगवले, तर एकरी 30 किलो पुरतात. पुढच्या वर्षी आमचे 56 उगवले. तीसला सत्तरने गुणून छप्पन्नने भागले, तेव्हा एकरी साडेसदतीस किलो आले आणि तेवढे पेरल्यावर ओळी भरल्या. पन्नासच्या खाली उगवण आली, तर ते पोते बियाण्यासाठी वापरू नये. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन काळ्या रानावर खपली धरली, तर बारदानातला आकडाही शेतात उतरत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

सभागृहाच्या मागच्या टेबलावर तीन गुंडाळ्या ठेवल्या आहेत. त्यांचा आज सातवा दिवस आहे. कार्यक्रमानंतर त्या तुम्हीच उघडून मोजायच्या आहेत.