बाथरूम फिटिंगची खोकी बंद ठेवून सही करताय? या चुका टाळा

बाथरूमचं सामान निवडताना डिझाइन आणि भाव यांवर लोक आठवडे घालवतात. सामान दारात आलं की मात्र खोकी मोजतात, सही करतात आणि ती एका खोलीत रचून ठेवतात. ती उघडतात थेट प्लंबर बसवायला आला की. मधे दोन-तीन महिने सहज जातात. तोवर ऑनलाइन परतीची मुदत संपलेली असते, आणि दुकानदार म्हणतो, ‘तुमच्याकडेच आपटलं असेल.’ त्याचं म्हणणं खोडून काढायला आपल्या हातात काहीच नसतं.

सगळ्यात महाग पडते ती भिंतीत गाडल्या जाणाऱ्या वस्तूतली चूक. शॉवर, नळ यांच्याकडे पाणी वळवणाऱ्या कन्सिल्ड डायव्हर्टरचे दोन भाग असतात. पितळी बॉडी झिरी मारून भिंतीत बसते आणि टाइल लागून गेल्यावर तिच्यावर हँडल आणि प्लेट चढते. शोरूमच्या भिंतीवर आपल्याला दिसते ती फक्त हँडल-प्लेट. होलसेल बाजारात ‘बॉडी दुसऱ्या कंपनीची घ्या, आत कोण बघतंय’ असा सल्ला मिळतो. ऑनलाइन फोटोत सगळं दिसतं, पण खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की फक्त वरचा भाग मिळेल. एका कंपनीच्या बॉडीवर दुसरीची प्लेट बसेल असं गृहीत धरू नका. एकाच कंपनीच्या दोन सिरीजमध्येही ती जुळत नाही असं होतं. म्हणून दोन्ही भागांचे मॉडेल कोड बिलावर वेगवेगळे लिहून घ्या आणि दोन्ही एकाच वेळी खरेदी करा. आज बॉडी बसवली आणि प्लेट चार महिन्यांनी घ्यायची म्हटलं, तर तोवर ते मॉडेल बंद झालेलं असू शकतं. मग नवी टाइल फोडण्यावाचून इलाज राहत नाही.

सामान आलं की हे दोन्ही बॉक्स एकत्र उघडा. बॉडीला पाण्याच्या वाटा किती आहेत ते बघा. गरम आणि गार या दोन आत येणाऱ्या. बाहेर जाणारी शॉवरची एक, खाली नळ हवा असेल तर त्याची एक, आणि हँडशॉवरही असेल तर आणखी एक. मग हँडल-प्लेट बॉडीवर हाताने एकदा बसवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते झिरी मारण्याआधीच करायला हवं. बॉडीवरच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर बहुधा कमाल आणि किमान खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे यायला हवा, एवढं प्लंबरला दाखवून ठेवा.

दुसरी मोठी चूक कमोडच्या मापाची. जमिनीत पाइप जाणाऱ्या एस-ट्रॅप कमोडला एक आकडा असतो, साधारण १००, २२५ किंवा ३०० मिलिमीटर. मागच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं ते अंतर, आणि भिंत म्हणजे टाइल लागलेली भिंत. समजा, उघड्या विटांपासून पाइपचा मध्य बरोबर ३०० वर आहे, आणि तुम्ही तोच आकडा दुकानात सांगितलात. पुढे गिलाव्याला १२ मिलिमीटर गेले, टाइल आणि तिच्याखालच्या मालाला १५. उरले २७३. आता ३०० चं कमोड पाइपवर आणायचं तर टाकी भिंतीत घुसवावी लागेल. २२५ चं बसेल, पण मागे जवळपास ४८ मिलिमीटरची फट राहील. ऑफसेट कनेक्टर लावून तोंड थोडं सरकवता येतं, पण पाण्याच्या वाटेत वळण येतं आणि तुंबण्याची शक्यता वाढते. त्यामुळे शक्य असेल तर पाइप घालायच्या आधी कमोड निवडा. पाइप आधीच असेल तर गिलावा-टाइलची जाडी वजा करूनच माप सांगा. भिंतीत पाइप जाणाऱ्या पी-ट्रॅपला मोजायची ती उंची, आणि तीही तयार फरशीपासून.

आता डिलिव्हरीबद्दल. टेम्पोवाला घाईत असतो, आणि सगळी खोकी त्याच्यासमोर उघडायची म्हटली तर भांडण व्हायचं. त्याची गरजही नाही. काच आणि चिनी माती त्याच्यासमोर, धातूचं सामान त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत, एवढी वाटणी पुरते.

कमोड खोक्यातून बाहेर काढा आणि सपाट फरशीवर ठेवा. डुलतंय का बघा. किंचित फरक भट्टीत भाजताना येतोच. स्पष्ट डुलत असेल तर घेऊ नका. मग बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवा. धड भांडं खणखणीत वाजतं, चीर गेलेल्या जागी आवाज बद्द येतो. टवके बहुतेक तळाच्या कडेला, बोल्टच्या छिद्रांपाशी आणि पाइपच्या तोंडाशी सापडतात, कारण वाहतुकीत मार तिथेच बसतो. केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नसेल तर ओल्या फडक्याने पुसून बॅटरी तिरकी धरा. सीट कव्हर, त्याचे बोल्ट आणि टाकीच्या आतली फ्लशची फिटिंग मोजून घ्या.

खोकं ओलं, दबलेलं किंवा पुन्हा टेप मारलेलं दिसलं, तर उघडण्याआधी लेबलसकट फोटो काढा. उघडायला वेळ नसेल तर चलनाच्या दोन्ही प्रतींवर लिहा: ‘खोके दबलेले, आतील माल तपासलेला नाही.’ मगच सही. छापील मजकुरात ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं असतं आणि पुढे वाद झाला की तीच ओळ तुमच्यासमोर धरली जाते. ऑनलाइन मालाचा व्हिडिओ पत्त्याच्या लेबलपासून सुरू करा आणि वस्तू पूर्ण बाहेर येईपर्यंत थांबवू नका. व्हिडिओ मधेच तुटला की पुरावा म्हणून त्याचं वजन कमी होतं.

नळांच्या बाबतीत चुंबकावर फार विसंबू नका. पितळाला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण जस्ताच्या मिश्रधातूलाही चिकटत नाही, आणि स्वस्त नळांत बऱ्याचदा तोच असतो. त्यापेक्षा आट्यांच्या आत, जिथे क्रोम चढलेलं नसतं, तिथे बघा. पितळ पिवळं दिसतं, जस्त राखाडी. वजनही सांगतंच, पण तुलनेला दुसरा नळ हाताशी हवा. मॅट ब्लॅक किंवा सोनेरी रंग घेतला असेल तर अँगल कॉक, हेल्थ फॉसेट आणि बॉटल ट्रॅप उन्हात शेजारी ठेवून बघा. शोरूमच्या पिवळ्या दिव्याखाली दोन कंपन्यांचे काळे सारखेच वाटतात.

बेसिनच्या तळाच्या छिद्रात बसणारं वेस्ट कपलिंग ही किरकोळ वस्तू, पण ती चुकली की बेसिन गळतं. बेसिनला वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचं छिद्र असेल तर हाफ थ्रेड कपलिंग लागतं. त्याच्या अंगाला खाच असते आणि ओव्हरफ्लोचं पाणी तिथूनच आत जातं. छिद्र नसलेल्या टेबलटॉप बेसिनला फुल थ्रेड. उलटं लावलं तर एकात ओव्हरफ्लोचं पाणी अडून राहतं, दुसऱ्यात खाचेतून काउंटरखाली झिरपतं. बेसिन आणि कपलिंग वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलं असेल तर हमखास हीच गल्लत होते, तेव्हा ते बेसिनमध्ये घालून बघितल्याशिवाय खोकं फेकू नका.

तपासून झालं की डायव्हर्टरची प्लेट, हँडल, स्क्रू आणि वॉरंटी कार्ड पुन्हा खोक्यात घालून बिलाबरोबर कपाटात ठेवा. प्लंबरच्या हाती सध्या फक्त बॉडी द्या. भिंत बंद करण्याआधी लाइनमध्ये पाणी भरून दाब द्यायला लावा आणि बॉडीचा एकेक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघा. कागद ओला झाला तर टाइलवाल्याला थांबवा.