जळगावच्या केळी वेफर्सचं रशियन पाकीट: माझा अनुभव

पाकिटावरच्या मजकुराचं रशियन भाषांतर करताना पहिल्या मसुद्यात 'वेफर्स'चं 'वाफ्ली' झालं होतं. रशियनमध्ये वाफ्ली म्हणजे क्रीम भरलेली बिस्किटं, त्यामुळे 'बनानोविये वाफ्ली' वाचून गिऱ्हाईक चहासोबतचा गोड खाऊ समजणार. शब्द बरोबर आहे का, हे रशियन दुकानाच्या साइटवर टाकून फोटो पाहिले की लगेच कळतं. मी तिथे 'चीप्सी' केलं.

तरी अडचण उरलीच. तिकडे केळीचे चिप्स बहुतेक गोडच मिळतात. म्हणून 'सल्योनिये', म्हणजे खारे, हा शब्द नावातच घेतला आणि 'इझ झेल्योनिख बनानव', कच्च्या केळ्यांपासून, ही ओळ लगेच खाली.

घोषवाक्य होतं, 'एकदा खाल तर खातच राहाल'. शब्दशः केलं तर रशियनमध्ये ते डॉक्टरच्या इशाऱ्यासारखं वाटतं. त्याऐवजी 'ख्रुस्त्यात ताक, श्तो नि अस्तानवीत्सा': इतके कुरकुरीत की थांबवत नाही. इथे 'तुम्ही' नाहीच आणि तेच छान वाटतं. आवाज आधी, मोह नंतर.

आवाहनाला 'पप्रोबुय्ते' ठेवलं, 'प्रोबुय्ते' नाही. पहिल्यात एकदा चाखून बघा असं साधं निमंत्रण आहे, दुसऱ्यात चाखत राहा अशी छटा येते.