शब्दांचे व्हेक्टर आणि अर्थ : या चुका टाळा

वर्ड एम्बेडिंगवर, म्हणजे प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग (व्हेक्टर) देण्यावर, काम सुरू करणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच गोष्ट करतो. एक शब्द देतो, जवळचे दहा शब्द मागवतो आणि त्या यादीला 'समानार्थी' असं नाव देऊन मोकळा होतो. माझी निम्मी चिडचिड या एका नावावर खर्च झाली आहे.

एका सर्च प्रकल्पात मला शेवटच्या टप्प्यात बोलावलं होतं. 'स्वस्त' असा शोध घेतला की यंत्रणा त्याचे समानार्थी शब्दही शोधात घालायची, आणि त्यात पहिला मान 'महाग'चा. तिथल्या उत्साही मुलाचं निदान होतं, 'मॅडम, कॉर्पस कमी पडतोय.' दोन आठवडे खपून त्याने आणखी मजकूर गोळा केला, मॉडेल नव्याने शिकवलं, आणि महाग-स्वस्त आणखी जवळ आले. तो हिरमुसला, पण मॉडेलने काम चोख केलं होतं.

१९५४ मध्ये झेलिग हॅरिसने मांडलेल्या विचाराचा गाभा असा, की अर्थात फरक असेल तर शब्द कुठे कुठे येतो यातही फरक पडतो. शब्दांचे व्हेक्टर शिकणारं वर्डटूव्हेक (२०१३) वापरतं ते हेच. आता 'तिकीट ___ झालं', 'इतकं ___ कसं?', 'फारच ___ आहे' या रिकाम्या जागा भरून बघा. महाग आणि स्वस्त दोन्ही चपखल बसतात. विरुद्धार्थी शब्दांचं जवळजवळ सगळं सारखंच असतं, फक्त एका मोजपट्टीवर ते दोन टोकांना उभे असतात, आणि शेजारचे शब्द मोजून ते टोक सहसा कळत नाही.

उलट 'महाग' आणि 'महागडं' घ्या. अर्थाने सख्खे, पण 'साखर महाग झाली' म्हणतात, 'साखर महागडी झाली' कानाला खटकतं. शिवाय महाग आणि स्वस्त लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. महागडा, महागडी, महागडं, महागड्या ही मात्र मॉडेलच्या लेखी चार वेगळी कार्टी, आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाथोडा मजकूर. म्हणजे खरा समानार्थी दूर आणि विरुद्धार्थी मांडीला मांडी लावून.

मग कुणीतरी शॉर्टकट सुचवतो, 'सगळ्या शब्दांचं मूळ रूप करून टाकू.' थांबा. 'स्वस्तात सुटलो' आणि 'महागात पडलं' पाहा. या दोघांत जागांची सरसकट अदलाबदल होत नाही. 'महागात सुटलो' कुणी म्हणत नाही. जो थोडा फरक मजकुरात दिसत होता तो नेमका या '-आत' लागलेल्या रूपांत होता, आणि तोच तुम्ही पुसून टाकला.

माझी सवय अशी. जवळची जोडी मिळाली की कॉर्पसमध्ये 'क्ष असो वा य', 'क्ष की य', 'ना क्ष ना य' असे साचे शोधते. 'महाग असो वा स्वस्त' सापडतं, 'महाग असो वा महागडं' सापडत नाही. साच्यात सापडलेली जोडी यादीतून बाहेर. हा चाळणीचा उपाय आहे, पुरावा नव्हे. 'लाल असो वा निळा'सुद्धा त्यात अडकतं, आणि विरळ शब्दांसाठी साचे मिळतच नाहीत. तिथे माणसाने बसून वाचायचं. कंटाळा येतो, माहीत आहे.

दुसरी चूक अनेकार्थी शब्दांची. 'वर' म्हणजे खालीच्या उलट, वर म्हणजे नवरा मुलगा, वर म्हणजे देवाने दिलेला. वर्डटूव्हेककडे या तिघांना मिळून एकच व्हेक्टर, आणि जास्त वेळा येणारा अर्थ त्याला आपल्याकडे ओढतो. जवळच्या यादीत 'खाली' आलं आणि 'वधू' आली नाही, म्हणून मराठीत तो अर्थ नाही असं होत नाही. व्हेक्टर बघण्याआधी त्या शब्दाची पन्नास वाक्यं काढा आणि अर्थांची हाताने मोजणी करा. संदर्भाप्रमाणे व्हेक्टर बदलणाऱ्या बर्टसारख्या मॉडेलमध्ये हे दुखणं बरंच कमी होतं, महाग-स्वस्तचं मात्र त्याने आपोआप सुटत नाही.

राजा वजा पुरुष अधिक स्त्री बरोबर राणी, ही व्हेक्टरांची बेरीज-वजाबाकी दाखवून टाळ्या घेणाऱ्यांनी एवढंच तपासावं, की जवळचे शब्द देणारं जेन्सिम लायब्ररीचं `most_similar` तुम्ही दिलेले शब्द उत्तरातून आधीच गाळतं. ते गाळले नाहीत तर उत्तर पुष्कळदा 'राजा'च येतं.

आणि यातलं काहीही करण्याआधी शब्द नीट तोडले जातायत का ते बघा. पायथनच्या `re` मध्ये `\w` काना-मात्रा आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही.

```python
re.findall(r"\w+", "महाग स्वस्त")
# ['मह', 'ग', 'स', 'वस', 'त']
```

एकाने मला 'वस' या शब्दाचे शेजारी दाखवून त्यांचा अर्थ विचारला होता.