संदर्भ तपासताना या चुका टाळा

पुण्यात प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की माझ्याकडे संदर्भ तपासायला फायली येऊ लागतात. स्वल्पविराम आणि तिरपी अक्षरं जागच्या जागी असतात, कारण ते काम सॉफ्टवेअर करतं. लेख खरा, लेखक खरे, वर्षही बरोबर. पण ज्या वाक्याच्या शेवटी तो संदर्भ लावलाय, ते वाक्य त्या लेखात आहे का, हे फार थोड्या जणांनी पाहिलेलं असतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलणं. मागे दीर्घकालीन वेदनांच्या उपचारांवरचा एक प्रबंध आला होता. त्यातलं एक वाक्य असं : ‘ओपिऑइड वेदनाशामकांचं व्यसन एक टक्क्याहून कमी रुग्णांना लागतं (पोर्टर आणि जिक, १९८०).’ संदर्भसूचीत द न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, खंड ३०२, पान १२३. मला खटकलं ते पानच. एवढा मोठा निष्कर्ष काढणारा अभ्यास एका पानात कसा मावला?

मूळ पान उघडलं. तो शोधनिबंध नव्हताच, संपादकांना लिहिलेलं पाच वाक्यांचं पत्र होतं. रुग्णालयात दाखल असलेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. त्यातल्या ११,८८२ जणांना असं औषध निदान एकदा तरी दिलेलं होतं. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी फक्त चौघांत व्यसनाची बऱ्यापैकी नोंद सापडली. आकडे स्पष्ट आहेत. पण हे रुग्ण वॉर्डात, नर्सच्या हातून औषध घेणारे होते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल पत्रात अवाक्षर नाही. घरी गेल्यावर या रुग्णांचं पुढे काय झालं, तेही नाही. आणि प्रबंध नेमका घरी गोळ्या घेणाऱ्यांवर होता.

विद्यार्थिनीला फोन केला तर ती म्हणाली, “मॅडम, हा संदर्भ सगळ्यांनीच दिलाय.” दिलाय, हे खरंच आहे. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात हिशेब मांडला. पत्राचा उल्लेख ६०८ ठिकाणी सापडला. त्यातल्या सुमारे ७२ टक्के लेखकांनी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून ते वापरलं होतं, आणि सुमारे ८० टक्के उल्लेखांत हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेलंच नव्हतं. पुढे उत्तर अमेरिकेत ओपिऑइडचं संकट उभं राहण्याला असल्या उल्लेखांनी हातभार लावला, असं त्यांनी म्हटलं आहे. आता मूळ पत्रावर संपादकांनी वाचकांना सावध करणारी टीप जोडली आहे. मूळ पान उघडलं असतं तर ती टीप त्या मुलीला वाचायलाच मिळाली असती.

माझी सवय साधी आहे. दाव्याचं वाक्य कागदावर उतरवते आणि त्याचे तुकडे पाडते : कोणाबद्दल, कुठे, किती काळ, नेमकं काय मोजलं. मग मूळ लेखातलं वाक्य शोधून प्रत्येक तुकड्यासमोर लिहिते. वरच्या वाक्यात ‘कोणाबद्दल’ आणि ‘किती काळ’ हे दोन्ही रकाने कोरे राहिले. एक जरी रकाना कोरा राहिला तरी तो संदर्भ त्या वाक्याला चालत नाही.

मग उतावळी मंडळी दुसरी चूक करतात : वाक्य तसंच ठेवून त्याला धरेल असा दुसरा संदर्भ शोधत बसतात. हे मला अजिबात पटत नाही. आधी वाक्य बदला. ‘रुग्णालयात दाखल असताना ही औषधं मिळालेल्या, पूर्वी व्यसन नसलेल्या रुग्णांत व्यसनाच्या नोंदी क्वचित आढळल्या’ एवढं त्या पत्राच्या जोरावर म्हणता येतं. त्याने तुमचा मुद्दा पुढे सरकत नसेल तर तो संदर्भ तिथून काढा. घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांबद्दल लिहायचं असेल तर त्यांच्यावरचाच अभ्यास वाचावा लागेल. त्यात जाणारे दिवस वेळापत्रकात आधीच धरा, जमा करायच्या आदल्या आठवड्यात ते होत नाही.

नुसता गोषवारा वाचून संदर्भ देऊ नका, रुग्ण कोण होते आणि कसे निवडले हे बऱ्याचदा आतल्या पद्धतीच्या भागातच कळतं. मूळ लेख मिळतच नसेल तर ज्याच्यातून घेतलं त्याचं नाव ‘उद्धृत’ म्हणून लिहा, वाचल्याचा आव आणू नका. डीओआयची लिंक उघडते म्हणजे लेख अस्तित्वात आहे, एवढंच सिद्ध होतं. आणि लेख मागे घेतला गेलाय का, हे नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावर जाऊन पाहा. तुमच्या संगणकात साठवलेल्या पीडीएफवर ती सूचना नंतर उमटत नाही.